रुमॅटिक तापानंतरचे पेनिसिलिन : दर २१ दिवसांनी, आणि किती वर्षे?

नवी दिल्ली : सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात या उपचाराला सर्रास ‘महिन्याचे इंजेक्शन’ म्हटले जाते. नाव सोयीचे आहे, परंतु फसवे आहे. रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलांना दिले जाणारे बेन्झाथिन पेनिसिलिन भारतात दर २१ दिवसांनी घ्यावयाचे असते आणि महिना हा ३० किंवा ३१ दिवसांचा असतो. मधल्या नऊ-दहा दिवसांचा फरक किरकोळ वाटतो. तरी कित्येक मुलांच्या हृदयाच्या झडपांचे भवितव्य नेमके याच दिवसांत ठरते.

रुमॅटिक तापाची सुरुवात घशातून होते. ‘गट अ’ स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे घसा सुजतो, दुखतो आणि चार-पाच दिवसांत बराही होतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत गोष्ट तेथेच संपते. काही थोड्या मुलांमध्ये मात्र दोन-तीन आठवड्यांनी वेगळेच दुखणे डोके वर काढते. ताप येतो, गुडघा सुजतो, तो बरा होत असतानाच घोटा धरतो, मग मनगट किंवा कोपर. शरीराने जिवाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिकारद्रव्ये या वेळी स्वतःच्याच पेशींवर उलटलेली असतात, कारण जिवाणूच्या कवचातील काही प्रथिने आणि माणसाच्या हृदयातील प्रथिने यांच्या रचनेत साम्य असते. सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपांवर आलेली सूज मात्र जाताना व्रण ठेवून जाऊ शकते. डाव्या बाजूची मायट्रल झडप सर्वाधिक वेळा सापडते, त्या खालोखाल महाधमनीच्या मुखाशी असलेली झडप.

हा आजार मुख्यतः ५ ते १५ या वयात होतो. पहिला झटका कितीही काळजीचा असला, तरी हृदयरोगतज्ज्ञांना अधिक धास्ती असते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या झटक्याची. सर्वसाधारण मुलांमध्ये स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीनंतर रुमॅटिक ताप येण्याचे प्रमाण साथीच्या काळातही शंभरात तीनच्या वर सहसा जात नाही. ज्याला हा ताप एकदा येऊन गेला आहे, त्याला पुन्हा तोच संसर्ग झाल्यास हे प्रमाण शंभरात ५० पर्यंत पोहोचू शकते. त्याच्या शरीराने चुकीचा धडा एकदा गिरवलेला असतो आणि तो विसरला जात नाही. पहिल्या वेळी हृदयाला इजा झाली असेल, तर पुढच्या वेळीही ती होण्याची शक्यता मोठी असते. जुन्या व्रणावर नवा व्रण पडत गेला की झडपेच्या पाकळ्या जाड होतात, आखडतात, एकमेकींना चिकटतात. अशी झडप नीट मिटत नाही आणि कालांतराने नीट उघडतही नाही.

पेनिसिलिनचे इंजेक्शन या साखळीची पहिलीच कडी तोडते. ते झडप दुरुस्त करीत नाही, सांधेदुखी कमी करीत नाही, हृदयाला ताकदही देत नाही. घशात स्ट्रेप्टोकोकसला मूळ धरू न देणे एवढेच त्याचे काम आहे. त्यामुळे ते घेऊन रुग्णाला बरे वाटत नाही आणि ते चुकवून लगेच वाईटही वाटत नाही. किशोरवयीन मुलाला हा उपचार पटवून देण्यातील खरी अडचण येथेच आहे.

मग घसा दुखला की औषध घ्यावे, वर्षानुवर्षे सुया कशाला, असा प्रश्न बहुतेक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दुहेरी आहे. रुमॅटिक ताप आलेल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना आधी घसा दुखल्याचे आठवतच नाही. संसर्ग इतका सौम्य असतो की तो ध्यानातही येत नाही. शिवाय एकदा ताप येऊन गेलेल्या रुग्णात घशाच्या संसर्गावर वेळेत आणि योग्य उपचार केले, तरी दुसरा झटका टळेलच असे नसते. म्हणून संसर्ग होण्याची वाट न पाहता औषधाचे सतत संरक्षण ठेवावे लागते.

हे ‘सतत’ साधते कसे, हे समजले की २१ दिवसांचा आग्रह आपोआप समजतो. साधे पेनिसिलिन रक्तात काही तासच टिकते. त्याचे बेन्झाथिन हे रूप पाण्यात अत्यंत कमी विरघळणारे आहे. ते स्नायूत खोलवर टोचले की तेथे त्याचा लहानसा साठा तयार होतो आणि त्यातून औषध थेंबाथेंबाने रक्तात उतरत राहते. पहिल्या काही दिवसांत रक्तातील प्रमाण सर्वांत जास्त असते, पुढे ते घसरत जाते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत ते जिवाणूला रोखण्याइतके राहील असा भरवसा बहुधा धरता येतो. चौथ्या आठवड्यात मात्र अनेक रुग्णांमध्ये ते आवश्यक पातळीच्या खाली गेलेले आढळते. तैवानमध्ये २४९ रुग्णांचा १२ वर्षे पाठपुरावा करून तीन आणि चार आठवड्यांच्या अंतराची तुलना करण्यात आली. चार आठवड्यांच्या गटात ताप पुन्हा उलटण्याचे प्रमाण तीन आठवड्यांच्या गटाच्या कित्येक पट होते. जेथे हा आजार कमी आहे अशा देशांत आजही चार आठवड्यांचे अंतर चालते. भारतासारख्या देशात, जेथे मुलाचा स्ट्रेप्टोकोकसशी संपर्क वर्गात, वसतिगृहात आणि घरातही वारंवार येतो, तेथे बालरोगतज्ज्ञ २१ दिवसांवर ठाम असतात.

वजन २७ किलोपेक्षा जास्त असल्यास मात्रा १२ लाख युनिटची असते. त्याहून कमी वजनाच्या मुलांना ६ लाख युनिट दिले जाते आणि भारतीय सूचनांनुसार ते दर १५ दिवसांनी द्यावयाचे असते. किशोरवयीन मुले बहुतेक पहिल्या गटात मोडतात. मूल वाढत असताना त्याचे वजन मधून मधून पाहावे लागते. नऊ वर्षांच्या वयात ठरलेली मात्रा केसपेपरवर तशीच पुढे उतरवली जाऊन तेराव्या वर्षीही अर्धेच औषध मिळत राहिले, असे घडू शकते.

आता महिन्याचा हिशेब पाहता येईल. एखादा मुलगा दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता इंजेक्शन घेतो. वर्षाला त्याची १२ इंजेक्शने होतात, तर २१ दिवसांच्या हिशेबाने ती १७ व्हायला हवीत. प्रत्येक मात्रा उदारपणे २८ दिवस पुरते असे धरले, तरी १२ मात्रांनी ३३६ दिवसच झाकले जातात आणि २९ दिवस उघडे राहतात. परीक्षा आणि उन्हाळ्याची सुटी यांमुळे त्यातील दोन मात्रा बुडाल्या, तर उघड्या दिवसांची संख्या ८५ वर जाते. या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना मात्र आपण उपचार ‘चालू’ ठेवला आहे असेच वाटत असते. तीन आठवड्यांच्या अंतराची एक सोय अशी की वार कधी बदलत नाही. पहिले इंजेक्शन सोमवारी झाले, तर पुढची सगळी सोमवारीच येतात. तारीख लक्षात ठेवण्यापेक्षा ‘एक सोडून नव्हे, दोन सोमवार सोडून तिसरा’ हे लक्षात ठेवणे मुलांना सोपे जाते.

उपचार किती वर्षे चालवायचा, हे हृदयाला किती इजा झाली आणि शेवटचा झटका कधी आला या दोन गोष्टींवर ठरते. भारतात प्रचलित असलेल्या सूचनांनुसार हृदयाला मुळीच इजा झाली नसेल, तर शेवटच्या झटक्यानंतर किमान ५ वर्षे किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जे उशिरा येईल तोवर इंजेक्शने घ्यावी लागतात. हृदयाला सौम्य वा मध्यम इजा झाली असेल, अथवा ती झाली होती पण भरून आली असेल, तर १० वर्षे किंवा २५ व्या वर्षापर्यंत, पुन्हा जे उशिरा येईल ते. झडपेचा आजार तीव्र असेल किंवा झडपेवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर आयुष्यभर, आणि ते शक्य नसल्यास निदान ४० व्या वर्षापर्यंत. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेच्या सूचनांत १८ आणि २५ ऐवजी २१ हे वय येते, पण ‘जे उशिरा येईल ते’ हे तत्त्व तेच आहे. झडप बदलल्यानंतरही इंजेक्शने का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शस्त्रक्रियेने एक झडप बदलली जाते. उरलेल्या झडपा आणि हृदयाचा स्नायू रुग्णाचेच असतात आणि नव्या झटक्याला ते तितकेच उघडे असतात.

या नियमांत ‘शेवटचा झटका’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि पालकांच्या ध्यानातून नेमके तेच निसटतात. नवा झटका आला की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. एका प्रातिनिधिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. सातवीत शिकणाऱ्या १२ वर्षांच्या एका मुलीला पावसाळ्यात ताप येतो, गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजतात. तपासणीत हृदयातून हलका अवाज्ञात आवाज ऐकू येतो आणि टू-डी एको तपासणीत मायट्रल झडपेतून सौम्य गळती दिसते. काही आठवड्यांच्या उपचारांनंतर ती शाळेत परतते. हृदयाला सौम्य इजा असल्याने १० वर्षे म्हणजे २२ व्या वर्षापर्यंत, किंवा २५ व्या वर्षापर्यंत यांपैकी उशिराची मर्यादा लागू होते. म्हणजे १३ वर्षे आणि साधारण २२६ इंजेक्शने. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे, परंतु मुलगी पहिली तीन वर्षे सोमवार चुकवीत नाही. दरवर्षीच्या एको तपासणीत गळती कमी होत जाते. सौम्य गळती असलेल्या आणि इंजेक्शने नियमित घेणाऱ्या अनेक मुलांमध्ये काही वर्षांत हृदयातील हा आवाज पूर्णपणे नाहीसा होतो.

दहावीच्या वर्षी गणित बिघडते. डिसेंबरमध्ये पूर्वपरीक्षा असते. इंजेक्शननंतर दोन दिवस मांडी आणि कंबर दुखते, बाकावर बसवत नाही, म्हणून ती एक मात्रा टाळते. काहीच होत नाही. जानेवारीतील मात्रा दहा दिवस उशिरा होते. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपल्यावर पाहू असे ठरते. या मधल्या काळात दोन दिवस घसा खवखवतो आणि बराही होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिला बारीक ताप येतो, गुडघा दुखू लागतो. परीक्षेच्या दगदगीचे दुखणे समजून घरातली वेदनाशामक गोळी दिली जाते आणि दुखणे झपाट्याने थांबते. रुमॅटिक तापातील सांधेदुखी अशा गोळ्यांना फार लवकर दाद देते, त्यामुळे निदान दडपले जाते. पुढच्या पंधरवड्यात तिला जिना चढताना धाप लागते, रात्री उशीशिवाय आडवे पडले की गुदमरते. रुग्णालयात नेल्यावर एको तपासणीत मायट्रल झडपेची गळती तीव्र झालेली आणि महाधमनीच्या झडपेलाही गळती लागलेली दिसते.

या झटक्यानंतर तिची मर्यादा २५ वर्षांची राहत नाही. तीव्र आजाराचा नियम लागू होतो आणि इंजेक्शने आयुष्यभर, निदान ४० व्या वर्षापर्यंत घ्यावी लागतात. पुढच्या २५ वर्षांत ती ४३० हून अधिक होतील. शस्त्रक्रियेची चर्चा १६ व्या वर्षीच सुरू होते. कृत्रिम धातूची झडप बसवावी लागली, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते आणि त्या गोळीमुळे पुढे गरोदरपणात वेगळे धोके उभे राहतात. चार-पाच मात्रा चुकल्याचा हा हिशेब आहे. मात्रा चुकवणाऱ्या प्रत्येक मुलावर ही वेळ येत नाही, हेही खरेच आहे. मधल्या काळात जिवाणूशी गाठ पडली नाही तर काही बिघडत नाही. परंतु गाठ पडणार की नाही हे कोणालाच आधी सांगता येत नाही आणि पहिली चुकवलेली मात्रा निर्धोक गेली, की दुसरी चुकवण्याचे धैर्य येते.

किशोरवयातच इंजेक्शने का सुटतात, याची कारणे वैद्यकीय कमी आणि घरगुती अधिक आहेत. लहानपणी आई हाताला धरून नेते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा एकटा जाऊ लागतो, शिकवणीची वेळ आडवी येते, मैत्रिणींसमोर ‘हृदयरोगी’ म्हणवून घेणे नको वाटते. शिक्षणासाठी गाव सुटले की नवीन शहरात इंजेक्शन कोठे मिळेल हे ठाऊक नसते. मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असते, ज्याविषयी डॉक्टरांसमोरही कोणी मोकळेपणाने बोलत नाही. स्थळे येऊ लागली की आजार लपवण्यासाठी घरचेच इंजेक्शन थांबवतात. झडप आखडलेली असेल, तर हा लपवलेला आजार बहुधा पहिल्या गरोदरपणात उघडा पडतो. त्या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही आणि फुप्फुसात पाणी साठते. पेनिसिलिन गरोदरपणात सुरक्षित मानले जाते आणि इंजेक्शने त्या काळातही चालू ठेवायची असतात.

सर्वांत मोठे कारण अर्थात वेदना. ती नाकारून मुलांचा विश्वास मिळत नाही. कुपीतील पांढऱ्या पुडीत निर्जंतुक पाणी मिसळले की दुधासारखे दाट द्रावण तयार होते. सुई बारीक असेल किंवा मिश्रण करून ते तसेच ठेवले, तर कण सुईत अडकतात, दट्ट्या जोराने दाबावा लागतो आणि वेळप्रसंगी दुसऱ्यांदा टोचावे लागते. अनुभवी परिचारिका पुरेशा जाडीची सुई घेते, द्रावण ताजे करते आणि दोन-तीन मिनिटे घेऊन ते अगदी सावकाश सोडते. टोचण्यापूर्वी त्या जागी अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरणे, दर वेळी कुशी बदलणे या साध्या गोष्टींनी दुखणे कमी होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने द्रावणात भूल देणारे लिग्नोकेन मिसळता येते आणि त्याने बराच फरक पडतो. नंतर थोडे चालणे-फिरणे आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉलची गोळी पुरते. ज्या मुलाला याची कल्पना दिली जाते आणि ज्याला कोणत्या बाजूला टोचायचे हे विचारले जाते, ते मूल पुढच्या वेळी येण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी भीती रिॲक्शनची आहे आणि ती रुग्णांपेक्षा डॉक्टरांमध्ये अधिक दिसते. या भीतीपोटी अनेक खासगी दवाखाने हे इंजेक्शन देण्यास नकार देतात. ११ देशांतील १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी चार वेळा दिसली आणि एक मृत्यू झाला. म्हणजे धोका आहे, पण तो अत्यंत विरळ आहे, आणि इंजेक्शन न घेण्याच्या धोक्यापुढे फार लहान आहे. पहिल्या इंजेक्शनापूर्वी त्वचेवर चाचणी घेण्याची पद्धत भारतात रूढ आहे. चाचणीत काही आढळले नाही म्हणून सावधगिरी सोडता येत नाही. प्रत्येक वेळी ॲड्रेनालिन हाताशी असावे लागते आणि रुग्णाला अर्धा तास तेथेच बसवून ठेवावे लागते. अंगावर गांधी उठणे, ओठ-पापण्या सुजणे, दम लागणे ही ॲलर्जीची लक्षणे होत.

अलीकडच्या काळात या विषयाची एक नवी बाजू समोर आली आहे. तीव्र झडपरोग असलेल्या काही रुग्णांचा इंजेक्शननंतर लगेच झालेला मृत्यू पूर्वी ॲलर्जीच्या खात्यात टाकला जाई. अशा काही घटनांत अंगावर गांधी किंवा सूज यांचा मागमूसही नव्हता. वेदना आणि भीतीने रक्तदाब व नाडी एकाएकी घसरली आणि आधीच खिळखिळे झालेले हृदय त्यातून सावरले नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०२२ मध्ये याविषयी सूचना काढली. ज्यांचा झडपरोग तीव्र आहे, ज्यांना थोड्या श्रमानेही धाप लागते किंवा ज्यांच्या हृदयाची पंपाची क्षमता घटली आहे, त्यांना इंजेक्शनाऐवजी तोंडाने घेण्याच्या गोळ्या देण्याचा विचार करावा, असे तीत म्हटले आहे. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाने करायचा असतो. रुग्णाने किंवा पालकाने तो परस्पर करायचा नसतो. इतर सर्वांसाठी सूचना साधी आहे. उपाशीपोटी येऊ नये, पाणी पिऊन यावे आणि इंजेक्शन आडवे पडूनच घ्यावे.

गोळ्यांचा पर्याय सर्वांनाच का देत नाहीत, याचेही उत्तर जुने आहे. न्यूयॉर्कजवळील आयर्व्हिंग्टन हाउस या संस्थेत १९५० च्या दशकात तीन गटांतील मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला. पेनिसिलिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ताप उलटण्याचे प्रमाण इंजेक्शन घेणाऱ्यांच्या दहापटीहून अधिक निघाले. गोळी २५० मिलिग्रॅमची, दिवसातून दोन वेळा, वर्षाला ७३० वेळा आठवणीने घ्यावी लागते. ज्या वयात इंजेक्शनाचे १७ सोमवार पाळले जात नाहीत, त्या वयात हा नेम टिकेल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. ज्यांना पेनिसिलिनची खरोखरच ॲलर्जी आहे त्यांना एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या जातात.

इतकी वर्षे प्रतिजैविक घेतल्यास जिवाणू त्याला दाद देईनासा होईल, ही शंका सुशिक्षित घरांतून हमखास येते. अन्य जिवाणूंबाबत ती योग्य ठरते. ‘गट अ’ स्ट्रेप्टोकोकस मात्र पेनिसिलिनला निर्ढावल्याचे उदाहरण रुग्णांमध्ये आजवर आढळलेले नाही. १९५० च्या दशकातील औषध आजही त्याच मात्रेत काम करते, हे वैद्यकातील दुर्मीळ भाग्य म्हणावे लागेल.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे कमी नाही. पाय दुखतात म्हणून मुलाची ‘एएसओ’ ही रक्तचाचणी केली जाते, आकडा वाढलेला दिसतो आणि तेवढ्यावरून इंजेक्शने सुरू होतात. ही चाचणी मागे केव्हातरी स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला होता एवढेच सांगते. शाळकरी मुलांमध्ये तो आकडा वाढलेला असणे नवल नाही. रुमॅटिक तापाचे निदान सांध्यांची सूज, हृदयाची इजा, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली यांसारख्या मुख्य लक्षणांवरून आणि एको तपासणीच्या आधारे होते. ज्याच्या उपचाराला केवळ एएसओचा आधार आहे, त्याने इंजेक्शने आपणहून न थांबवता बालहृदयरोगतज्ज्ञाकडून निदान एकदा तपासून घ्यावे.

मात्रा चुकलीच तर काय करावे, याविषयी केंद्रांवर निरनिराळी उत्तरे मिळतात. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आठवण झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घ्यावे आणि तेथून नवे २१ दिवस मोजावेत. भरपाई म्हणून दुप्पट मात्रा घेण्याचे कारण नाही. बाहेरगावी जायचे असेल, तर दोन-चार दिवस आधी घेतलेली मात्रा उशिरा घेतलेल्या मात्रेपेक्षा केव्हाही बरी. चुकलेल्या काळानंतरच्या काही आठवड्यांत ताप, एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारे दुखणे, नेहमीच्या कामात लागणारी धाप, पावलांवर सूज किंवा हातातून वस्तू निसटणे, अक्षर एकाएकी बिघडणे यांपैकी काही दिसले, तर वेदनाशामक देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे आणि किती मात्रा चुकल्या हे न लपवता सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून तपासल्या जाणाऱ्या आजारांत रुमॅटिक हृदयरोगाचा समावेश आहे. हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, तर इंजेक्शने अनेकांना २५ किंवा त्याहून पुढे घ्यावी लागतात. अठरावे वर्ष ओलांडताना बालरोग विभाग सुटतो, बहुधा त्याच वर्षी गावही सुटते आणि नव्या डॉक्टरकडे जाताना मुलाच्या हाती जुनी फाटकी पावती एवढाच पुरावा असतो. त्याच्याकडे एक कार्ड असणे आवश्यक आहे. त्यावर शेवटच्या झटक्याची तारीख, पहिल्या आणि ताज्या एको तपासणीचा निष्कर्ष, औषधाची मात्रा, ॲलर्जीची नोंद, इंजेक्शनांच्या सर्व तारखा आणि कोणत्या वर्षापर्यंत ती घ्यायची हे लिहिलेले असावे. ते वर्ष आले म्हणून इंजेक्शन आपोआप थांबत नाही. त्या वेळी पुन्हा एको तपासणी होते, आणि तो युवक शिक्षक, परिचारिका, सैनिक किंवा वसतिगृहात मुलांच्या सतत सहवासात राहणारा असेल, तर हृदयरोगतज्ज्ञ मर्यादा आणखी काही वर्षे पुढे नेऊ शकतात.